पाच खोक्यांची वाढ कारखान्यापर्यंत पोहोचते तेव्हा

तान्ह्या बाळाला दिवसाकाठी किती डायपर लागतात, हे त्याच्या वयावर ठरते. एखाद्या शहरातील तान्ह्या मुलांची संख्या एका आठवड्यात दुप्पट होत नाही आणि पुढच्या आठवड्यात निम्म्यावरही येत नाही, त्यामुळे डायपरची मागणी ही बाजारातील सर्वांत संथ मागण्यांपैकी एक असायला हवी. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आपल्या पॅम्पर्स डायपरच्या ऑर्डरी तपासायला घेतल्या, तेव्हा दुकानांतील विक्री त्यांना अपेक्षेप्रमाणेच दिसली: थोडी वर, थोडी खाली. वितरकांकडून कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी मात्र त्याहून कितीतरी अधिक चढ-उतारांच्या होत्या, आणि कंपनी स्वतः थ्रीएमसारख्या कच्चा माल पुरवणाऱ्यांकडे ज्या ऑर्डरी पाठवत होती, त्यांतील चढ-उतार सर्वांत मोठे होते. बाळांचा खप सपाट रेषेसारखा, आणि त्या खपासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाची मागणी मात्र डोंगर-दऱ्यांसारखी, असे ते चित्र होते.

या प्रकाराला त्यांनी बुलव्हिप इफेक्ट, म्हणजे आसुडाचा परिणाम, असे नाव दिले. ज्यांनी पोतराजाला आसूड फिरवताना पाहिले आहे, त्यांना हे नाव लगेच पटेल. त्याचे मनगट थोडेसेच हलते, पण ती हालचाल दोरीतून पुढे सरकत जाते तसतशी मोठी होते आणि टोकाशी कडाका उडतो. इथे मनगट म्हणजे दुकानातील गिऱ्हाईक आणि टोक म्हणजे कारखाना. १९९७ साली हाउ ली, व्ही. पद्मनाभन आणि सुंगजिन व्हांग या तीन अभ्यासकांनी या परिणामाची कारणे नीट मांडली आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. परिणाम स्वतः मात्र त्याआधीच ओळखला गेला होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील, म्हणजेच एमआयटीतील, जे फॉरेस्टर यांना जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीमधील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांतील अधिकाऱ्यांनी एक कोडे घातले होते. तिथे कधी तीन-चार पाळ्यांत काम चाले, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. बाजाराच्या तेजी-मंदीचे कारण त्यांना पुरेसे वाटत नव्हते. फॉरेस्टर यांनी वही-पेन्सिल घेऊन साठा, ऑर्डरी आणि कामगारभरती यांचे आकडे आठवड्यामागून आठवडा मांडत नेले, आणि बाहेरची मागणी स्थिर धरली तरी आतल्या निर्णयांच्या रीतीमुळेच हेलकावे निर्माण होतात, हे त्यांना दिसून आले.

आपणही तसाच हिशेब मांडून पाहू, कारण हा विषय वर्णनापेक्षा आकडेमोडीतून लवकर कळतो.

पाच खोक्यांचा हिशेब

समजा, एका वस्तूची साखळी चार कड्यांची आहे: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. दर आठवड्याला दुकानात १०० खोकी विकली जातात आणि हे बराच काळ चालत आले आहे. चौघांचाही नियम एकच आणि अगदी साधा आहे: आठवड्याच्या शेवटी आपल्या गोदामात एका आठवड्याच्या मागणीइतका माल शिल्लक असावा. सध्या प्रत्येकाकडे १०० खोकी शिल्लक आहेत आणि कारखानाही दर आठवड्याला १०० खोकीच बनवतो. हिशेब सोपा राहावा म्हणून आणखी एक गोष्ट गृहीत धरू, की ऑर्डर दिली की माल त्याच आठवड्यात मिळतो.

आता एका आठवड्यात गिऱ्हाइकांनी १०५ खोकी नेली, आणि इथून पुढे कायम १०५च नेणार आहेत. दुकानदाराला १०५ खोक्यांची भरपाई करायची आहेच, शिवाय त्याच्या नियमाप्रमाणे शिल्लक साठाही १०० वरून १०५ वर न्यायचा आहे. म्हणून तो ११० खोक्यांची ऑर्डर देतो. घाऊक व्यापाऱ्याला गिऱ्हाईक दिसत नाही. त्याला दिसते ती ११० खोक्यांची ऑर्डर, आणि त्याच्या दृष्टीने मागणी पाच नव्हे, तर दहा खोक्यांनी वाढलेली असते. तो ११० खोकी देतो, साठा १०० वरून ११० वर न्यायचा म्हणून आणखी दहा मागवतो, आणि त्याची ऑर्डर होते १२०. वितरकाला वीस खोक्यांची वाढ दिसते, म्हणून त्याची ऑर्डर १४०. कारखान्याला चाळीसची वाढ दिसते, म्हणून त्या आठवड्यात कारखाना १८० खोकी बनवतो. दुकानातील पाच टक्क्यांची वाढ कारखान्यात ऐंशी टक्क्यांची झाली.

पुढच्या आठवड्यात जे घडते, ते मला यापेक्षा महत्त्वाचे वाटते. गिऱ्हाईक पुन्हा १०५ खोकीच नेते. दुकानदाराचा साठा आधीच १०५ झालेला आहे, त्यामुळे तो १०५च मागवतो. पण घाऊक व्यापाऱ्याकडे मागच्या आठवड्यातील ११० खोक्यांच्या अंदाजाने भरलेला साठा आहे आणि या आठवड्याची मागणी १०५ आहे. त्याला पाच खोकी जास्त झाली, म्हणून तो १०० मागवतो. वितरकाला आता मागणी १२० वरून १०० वर आलेली दिसते आणि त्याच्याकडे साठा १२०चा आहे. तो ८० मागवतो. कारखान्याकडे १४०चा साठा आहे आणि मागणी आली आहे ८०ची. साठाही ८० वर आणायचा असल्याने कारखाना फक्त २० खोकी बनवतो. मागच्या आठवड्यात जिथे जादा पाळी लावून १८० खोकी काढली, तिथे या आठवड्यात यंत्रे जवळजवळ बंद आहेत, आणि या दोन्ही आठवड्यांत दुकानातून गेलेली खोकी सारखीच आहेत. त्यानंतरच्या आठवड्यांत कारखान्याचे उत्पादन १४०, मग १००, आणि अखेर १०५ असे होत शांत होते.

या हिशेबात कोणीही चूक केलेली नाही, घाबरून निर्णय घेतलेला नाही आणि कोणी कोणाशी खोटेही बोललेले नाही. प्रत्येकाने आपल्यापर्यंत पोहोचलेल्या आकड्यावर साधा, समंजस नियम लावला. दोष आहे तो एका ऑर्डरीत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या जातात यात. दुकानदाराच्या ११० खोक्यांपैकी १०५ ही खरी विक्री आहे आणि पाच ही साठा वाढवण्याची एकदाच करायची तजवीज आहे. घाऊक व्यापाऱ्याला मात्र ११० हा एकच आकडा मिळतो आणि तो त्या सगळ्यालाच मागणी समजतो. एकदाच लागणारी पाच खोकी त्याच्या लेखी दर आठवड्याची होतात. प्रत्येक कडीवर हीच गल्लत पुन्हा होते आणि वाढ दरवेळी दुप्पट होते: पाचाचे दहा, दहाचे वीस, विसाचे चाळीस, चाळिसाचे ऐंशी.

दुप्पट हा आकडा आपण ठरवलेल्या साठ्याच्या नियमातून आला आहे. प्रत्येकाने एका आठवड्याऐवजी दोन आठवड्यांचा साठा ठेवायचे ठरवले असते, तर प्रत्येक कडीवर वाढ तिप्पट झाली असती आणि पहिल्याच आठवड्यात कारखान्याने तब्बल ५०५ खोकी बनवायला घेतली असती. साठा अर्ध्या आठवड्याचा असता, तर दीडपट होत होत उत्पादन साधारण १२५ वर थांबले असते. त्याचप्रमाणे मधल्या दोन कड्या गाळून दुकानाने थेट कारखान्याकडून माल घेतला असता, तर उत्पादन १२० वर थांबले असते. म्हणजे हेलकावा किती मोठा होणार, हे मुख्यतः कड्या किती आहेत आणि प्रत्येक कडी मागणीच्या किती पट साठा धरून बसते यावर ठरते. गिऱ्हाईक किती लहरी आहे यावर फार थोडे.

वाटेतला माल

आपण माल लगेच मिळतो असे धरले होते. खऱ्या व्यवहारात ऑर्डर पोहोचायला, माल बांधायला आणि गाडी यायला दिवस जातात, आणि या विलंबामुळे एक वेगळीच चूक घडते, जी वरच्या हिशेबात नव्हती.

एका दुकानदाराला ३० खोकी कमी पडत आहेत आणि माल यायला तीन आठवडे लागतात, असे समजा. तो या आठवड्यात ३० खोकी मागवतो. पुढच्या आठवड्यात गोदामात पाहतो तर अजूनही ३० कमीच आहेत, म्हणून तो पुन्हा ३० मागवतो. तिसऱ्या आठवड्यातही तेच. मग माल येऊ लागतो आणि ३० खोक्यांच्या तुटीपोटी ९० खोकी दारात उभी राहतात. आता त्याच्याकडे ६० खोकी जास्त झाली, म्हणून तो काही आठवडे काहीच मागवत नाही, आणि वरच्या कडीला वाटते की मागणी कोसळली. मागवलेला पण अजून न आलेला माल हा आपलाच साठा आहे, तो फक्त रस्त्यात आहे, एवढे लक्षात ठेवले असते तर दुसरी आणि तिसरी ऑर्डर गेलीच नसती.

हे इतके उघड आहे की अनुभवी माणसे असे करणार नाहीत असे वाटते. ते करतात का, हे पाहण्यासाठी एमआयटीतच फॉरेस्टर यांच्या परंपरेत तयार झालेला एक खेळ वापरला जातो. त्याला बिअर गेम म्हणतात. चार जण चार कड्या होतात, प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ पेट्या असतात, ऑर्डरीची चिठ्ठी वर पोहोचायला दोन आठवडे लागतात आणि माल खाली यायला आणखी दोन. खेळाडूंना एकमेकांशी बोलायची परवानगी नसते. शिल्लक राहिलेल्या प्रत्येक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च आणि न पुरवता आलेल्या प्रत्येक पेटीमागे एक डॉलर, असा हिशेब ठेवला जातो. गिऱ्हाइकांची मागणी फक्त दुकानदाराला दिसते, आणि ती संपूर्ण खेळात एकदाच बदलते: पहिले चार आठवडे चार पेट्या, पाचव्या आठवड्यापासून शेवटपर्यंत आठ.

जॉन स्टर्मन यांनी १९८९ साली या खेळांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शक्य तितक्या चांगल्या निर्णयांनी चारही कड्यांचा मिळून खर्च सुमारे २०४ डॉलर आला असता. प्रत्यक्षातील संघांचा सरासरी खर्च सुमारे २,०२८ डॉलर होता, म्हणजे जवळपास दहापट. सगळीकडे तोच नमुना दिसला: आधी तुटवडा, मग ऑर्डरींचा चढता जोर, मग सगळा माल एकदम येऊन गोदामे तुंबणे, आणि त्यानंतर दीर्घ काळ ऑर्डर शून्य. कारखान्याच्या ऑर्डरींचे शिखर दुकानाच्या शिखरापेक्षा सरासरीने दुपटीहून उंच होते आणि ते काही आठवडे उशिरा आले. स्टर्मन यांनी खेळाडूंच्या निर्णयांवरून त्यांचा मनातला नियम शोधून काढला, तेव्हा असे दिसले की वाटेतल्या मालाचा जितका विचार करायला हवा, त्याच्या सरासरी एक तृतीयांशच विचार ते करत होते. समोरच्या पटावर तो माल डोळ्यांना दिसत असूनही असे घडत होते. खऱ्या गोदामात तर तो दिसतही नाही.

खेळ संपल्यावर खेळाडूंना गिऱ्हाइकांची मागणी कशी असावी याचा आलेख काढायला सांगतात. दुकानदार सोडून बहुतेक जण लाटेसारखी रेषा काढतात: मागणी वाढली, शिगेला गेली आणि कोसळली. आपल्याला झालेल्या त्रासाचे कारण बाहेर आहे, असे त्यांना मनापासून वाटत असते. खरा आलेख म्हणजे एक पायरी आणि त्यापुढे सपाट रेषा आहे हे दाखवले, की त्यांचा विश्वास बसत नाही. माझ्या मते या खेळातील सर्वांत शिकण्यासारखा क्षण हाच आहे, कारण प्रत्यक्ष धंद्यात ही सपाट रेषा आपल्याला कोणी दाखवत नाही आणि "बाजारच लहरी आहे" हे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे टिकून राहते.

पास्त्याचे उदाहरण

आतापर्यंतच्या दोन्ही कारणांत हेतू कोठेच नव्हता. पण हेलकाव्यांचा मोठा भाग कंपन्या स्वतः, जाणीवपूर्वक आखलेल्या योजनांतून निर्माण करतात, आणि त्याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण इटलीतील पार्मा शहराच्या बारिला या पास्ता बनवणाऱ्या कंपनीचे आहे. पास्ता तिथे आपल्याकडच्या पोळी-भातासारखा रोजच्या जेवणातला पदार्थ आहे, त्यामुळे त्याचा खप डायपरसारखाच संथ. तरीही १९८०च्या दशकाच्या अखेरीस वितरकांकडून बारिलाकडे येणाऱ्या सुक्या पास्त्याच्या साप्ताहिक ऑर्डरी एका आठवड्यात शिखरावर, तर दुसऱ्या आठवड्यात जवळपास शून्यावर, अशा झेपा घेत होत्या.

कारखान्याला याचा विशेष त्रास होता. सुका पास्ता लांबलचक भट्ट्यांमधून हळूहळू वाळवावा लागतो आणि प्रत्येक आकाराला ठरावीक तापमान व आर्द्रता लागते. एका प्रकारानंतर भट्टीच्या तापमानात थोडाच बदल मागणारा दुसरा प्रकार घ्यायचा, असा उत्पादनाचा क्रम आधीच बांधलेला असतो. अशा क्रमात अमुक आकाराचा पास्ता उद्याच जास्त हवा, असे सांगून तो मिळत नाही. त्यामुळे कारखाना आणि वितरक दोघेही भरपूर साठा ठेवत, आणि तरीही वितरकांकडे काही प्रकार संपलेले असत.

ऑर्डरी अशा का येत होत्या, हे कंपनीच्या विक्रीच्या रीतींत शोधावे लागते. वर्षाचे भाग पाडून प्रत्येक भागात निरनिराळ्या मालावर सवलत जाहीर होत असे. वितरक सवलतीच्या काळात पुढच्या भागाचाही माल भरून घेत आणि नंतर स्वस्थ बसत. पूर्ण ट्रक भरेल एवढी ऑर्डर दिली तर वेगळी सूट मिळे, म्हणून थोडाथोडा माल रोज घेण्याऐवजी वितरक थांबून एकदम मोठी ऑर्डर देत. बारिलाच्या विक्री प्रतिनिधींचे जादा उत्पन्नही त्या-त्या सवलतीच्या काळातील विक्रीशी बांधलेले होते, त्यामुळे मुदत संपत आली की ते वितरकांना आणखी माल घ्यायला लावत. त्यावर ऑर्डर दिल्यापासून माल मिळेपर्यंत एक ते दोन आठवडे जात, म्हणजे मघाचा वाटेतल्या मालाचा गोंधळ होताच.

आपल्याकडेही रोजच्या वापराच्या वस्तूंच्या व्यापारात काम केलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. कंपनीने वितरकाला केलेल्या विक्रीला प्रायमरी आणि वितरकाने दुकानांना केलेल्या विक्रीला सेकंडरी म्हणतात. प्रतिनिधीचे महिन्याचे टार्गेट प्रायमरीवर मोजले जात असेल, तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वितरकाच्या गोदामात माल ढकलला जातो, स्कीम जाहीर होतात, आणि पुढच्या महिन्याचा पहिला पंधरवडा थंड जातो. दुकानातून मात्र साबणाची वडी महिन्याच्या पाच तारखेला जशी उचलली जाते, तशीच अठ्ठावीस तारखेलाही उचलली जाते. म्हणून प्रतिनिधीचे मोजमाप सेकंडरीवर करणे हा केवळ पगाराचा प्रश्न नसून उत्पादन सपाट करण्याचा एक थेट उपाय आहे.

बारिलातील पुरवठा विभागाचे प्रमुख ब्रँडो व्हिटाली यांनी एक वेगळाच मार्ग सुचवला. वितरकाने ऑर्डर द्यायचीच नाही. त्याने रोज आपल्या गोदामातून बाहेर गेलेल्या मालाचे आणि शिल्लक साठ्याचे आकडे बारिलाला कळवायचे, आणि किती माल कधी पाठवायचा हे त्या आकड्यांवरून बारिलाने ठरवायचे. आपल्या पहिल्या हिशेबाशी हे ताडून पाहा. तिथे ११० या एका आकड्यात विक्री आणि साठ्याची तजवीज मिसळली होती. इथे १०५ची विक्री आणि साठा हे दोन आकडे वेगवेगळे वर पोहोचतात, त्यामुळे पाचाचे दहा होण्याचे कारणच उरत नाही. मोठ्या ऑर्डरी साठवून ठेवण्याचे कारणही जाते, कारण ऑर्डरच नाही.

विरोध मात्र आकडेमोडीतून आला नाही, माणसांतून आला. माल किती घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क पुरवठादाराच्या हाती द्यायला वितरक तयार नव्हते. गोदाम आमचे, पैसा आमचा, आणि निर्णय तुमचा, ही त्यांची तक्रार होती आणि ती समजण्यासारखी आहे. कंपनीच्या आतूनही विरोध झाला. विक्री विभागाला वाटले की वितरकाचे गोदाम रिकामे झाले, तर ती जागा प्रतिस्पर्धी कंपनीचा माल व्यापेल, आणि सवलती नसतील तर विक्री वाढवायची कशी. व्हिटाली यांच्यानंतर आलेल्या जॉर्जो माज्जाली यांना वरिष्ठांचा पाठिंबा मिळवावा लागला, आधी कंपनीच्या स्वतःच्या डेपोंमध्ये प्रयोग करून दाखवावा लागला, आणि मगच मोठे वितरक राजी झाले. ज्या गोदामांत ही पद्धत लागू झाली तिथे साठा घटला आणि त्याच वेळी तुटवडाही जवळपास नाहीसा झाला. एरवी साठा कमी केला की तुटवडा वाढतो असे आपण धरून चालतो. इथे दोन्ही एकदम कमी झाले, कारण आधीचा साठा गिऱ्हाइकांच्या लहरीसाठी नव्हता, तर साखळीतच निर्माण झालेल्या हेलकाव्यांसाठी होता.

एक कारण अजून उरते, आणि त्यात मात्र आकडे मुद्दाम फुगवले जातात. माल कमी असला आणि पुरवठादार प्रत्येकाला मागणीच्या ठरावीक हिश्श्याने वाटून देणार असला, की शंभर हवे असणारा दोनशे मागतो, आणि तेच शंभर दोन-तीन ठिकाणी नोंदवूनही ठेवतो. पुरवठा सुरळीत होताच या ऑर्डरी रद्द होतात. इंटरनेटच्या तेजीत सिस्कोच्या नेटवर्क उपकरणांबाबत अशाच दुहेरी नोंदी झाल्या होत्या. कंपनीने त्या मागणीवर विसंबून सुट्या भागांचे करार केले आणि २००१ साली तेजी ओसरल्यावर तिला सुमारे २.२ अब्ज डॉलरचा साठा हिशेबातून काढून टाकावा लागला. यावर उपाय म्हणून काही पुरवठादार तुटवड्याच्या काळात आताच्या ऑर्डरीऐवजी मागील काळातील प्रत्यक्ष खरेदीच्या प्रमाणात माल वाटतात, त्यामुळे आकडा फुगवून काही मिळत नाही.

हेलकावा ओळखायचा कसा

कारखान्यातील प्रत्येक चढ-उतार हा आसुडाचा परिणाम नसतो, हे सांगणे आवश्यक आहे. छत्र्या पावसाळ्यापूर्वी बनतात आणि आकाशकंदील दिवाळीपूर्वी. ती मागणी खरोखरच तशी आहे. उलट अशा हंगामी मालात कारखाने वर्षभर थोडेथोडे बनवून साठा करतात आणि उत्पादन मागणीपेक्षा सपाट ठेवतात. २००७ साली जेरार्ड काशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील उद्योगवार आकडे तपासले, तेव्हा घाऊक व्यापारात हा परिणाम स्पष्ट दिसला, पण किरकोळ व्यापारात आणि बहुतेक उत्पादक उद्योगांत एकूण आकड्यांवर तो सरसकट दिसला नाही. याचा एक अर्थ असा, की हंगामाचा भाग वेगळा काढून मगच तुलना करायला हवी, आणि ती तुलना संपूर्ण उद्योगाची न करता एका वस्तूची, एका गोदामाची करायला हवी. अनेक वस्तूंचे आकडे एकत्र केले की एकाची चढण दुसऱ्याच्या उतारात बुडून जाते.

तुलना करायची रीत साधी आहे. एकाच वस्तूचे, एकाच काळातील दोन साप्ताहिक आकडे शेजारी शेजारी मांडायचे: त्या गोदामातून बाहेर गेलेला माल आणि त्या गोदामाने वर पाठवलेली ऑर्डर. दोन्हींची सरासरी जवळपास सारखीच येईल, कारण दीर्घ काळात जेवढा जातो तेवढाच मागवावा लागतो. पाहायचा तो त्यांचा पसारा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती दूर भटकतात. ऑर्डरींचा पसारा विक्रीच्या पसाऱ्यापेक्षा ठळकपणे मोठा असेल, तर हेलकावा त्याच गोदामात तयार होत आहे. तो जवळपास सारखा असेल, तर तो खालून आलेला आहे आणि शोध एक कडी खाली न्यायला हवा.

हे आकडे महिन्याचे किंवा तिमाहीचे घेतले, तर मात्र काहीच हाती लागत नाही. आपल्याच हिशेबाकडे परत जाऊ. बदलानंतरच्या पाच आठवड्यांत कारखान्याने १८०, २०, १४०, १०० आणि १०५ अशी मिळून ५४५ खोकी बनवली, आणि दुकानातून ५२५ खोकी विकली गेली. एकूण फरक केवळ वीस खोक्यांचा आहे, आणि तोही बरोबर जुळतो, कारण चार कड्यांनी आपापला साठा प्रत्येकी पाच खोक्यांनी वाढवला. पाच आठवड्यांची बेरीज पाहणाऱ्याला या अहवालात कोठेही खटकणार नाही. ज्या आठवड्यात १८० खोकी काढायला जादा पाळी लावली आणि ज्या आठवड्यात २० खोक्यांवर यंत्रे थांबली, ते दोन्ही आठवडे त्या बेरजेत एकमेकांना फेडून गेलेले असतात. जादा पाळीची मजुरी आणि रिकाम्या आठवड्याचा खर्च मात्र दोन्ही द्यावे लागलेले असतात.